गुण उघडण्याआधी टायब्रेकर कसा ठरवायचा: दोन समसमान अंतिम स्पर्धकांसाठी

एका वक्तृत्व स्पर्धेत मी गुणमोजणीच्या टेबलावर बसलो होतो. बेरीज संपली आणि पहिल्या दोघांचे गुण तंतोतंत सारखे निघाले. पाच मिनिटांत त्या टेबलाभोवती पाच जण जमले. एक म्हणाले, ‘आशयाला जास्त गुण कुणाला आहेत ते बघा.’ दुसरे म्हणाले, ‘अहो, वक्तृत्व आहे, सादरीकरण बघायला हवं.’ तिसऱ्यांनी मुख्य परीक्षकांना निर्णायक मत द्यायला सुचवलं. तिन्ही सूचना ऐकायला रास्त होत्या. अडचण एवढीच की बोलणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गुणतक्ता होता आणि आपल्या सूचनेने कोण जिंकणार हे प्रत्येकाला दिसत होतं.

हा लेख ती वेळ टाळण्यासाठी आहे: टायब्रेकर, म्हणजे बरोबरी सोडवणारा नियम, आधीच ठरवून ठेवायचा. समोर धरलेला प्रसंग एकच: परीक्षक गुण देतात अशी स्पर्धा, अंतिम फेरी, पाच परीक्षक, तीन निकष. गायन, नाट्यवाचन, प्रकल्प सादरीकरण यांनाही याच पायऱ्या चालतील, निकषांची नावं तेवढी बदला.

## आधी हा तक्ता बघा

प्रत्येक परीक्षकाकडे १०० गुण आहेत: आशय ४०, मांडणी ३०, सादरीकरण ३०. उदाहरणासाठी रचलेल्या या तक्त्यात प्रत्येक चौकटीत आशय + मांडणी + सादरीकरण आणि मग बेरीज आहे.

| परीक्षक | स्पर्धक ७ | स्पर्धक १२ |
|---|---|---|
| पहिला | ३१ + २५ + २६ = ८२ | ३२ + २४ + २५ = ८१ |
| दुसरा | ३२ + २५ + २६ = ८३ | ३३ + २४ + २५ = ८२ |
| तिसरा | ३१ + २४ + २५ = ८० | ३५ + २६ + २५ = ८६ |
| चौथा | ३२ + २६ + २६ = ८४ | ३३ + २५ + २५ = ८३ |
| पाचवा | ३३ + २५ + २६ = ८४ | ३२ + २४ + २५ = ८१ |
| एकूण | ४१३ | ४१३ |

आता टेबलाभोवतीच्या सूचना एकेक करून लावून बघा. आशयाच्या गुणांत १२ पुढे आहे, १६५ विरुद्ध १५९. सादरीकरणात ७ पुढे, १२९ विरुद्ध १२५. मांडणीतही ७ पुढे, १२५ विरुद्ध १२३. कुणाला जास्त परीक्षकांनी वर ठेवलं असं विचारलं तर ७, चार विरुद्ध एक. सर्वांत मोठा एकच आकडा कुणाचा, तर १२ चा, ८६. प्रत्येकाचा सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण वगळला तर पुन्हा ७, २४९ विरुद्ध २४६.

यात एक साधं गणित दडलंय आणि सगळ्या गोंधळाचं मूळ तेच आहे. एकूण गुण सारखे असतील, तर एका निकषात जो पुढे असतो तो उरलेल्या निकषांत मिळून बरोबर तितक्याच गुणांनी मागे असतो. १२ आशयात सहाने पुढे आहे, म्हणून मांडणीत दोनने आणि सादरीकरणात चारने मागे आहे. त्यामुळे गुण दिसल्यावर ‘कोणता निकष बघायचा’ हे ठरवणं आणि ‘कोण जिंकणार’ हे ठरवणं यांत काही फरक उरत नाही. ठरवणारा कितीही सरळ मनाचा असला तरी.

## टप्पा १: बरोबरी कशाला म्हणायचं ते लिहा

बहुतेक नियमावल्या थेट ‘समान गुण झाल्यास…’ अशा सुरू होतात आणि समान म्हणजे काय हे सांगतच नाहीत. मग ८२.५७ आणि ८२.६४ सरासरी असलेले दोन स्पर्धक एका कागदावर ८२.६ होतात, आणि जी बरोबरी मुळात नव्हतीच ती सोडवण्यात संध्याकाळ जाते.

यावर उपाय म्हणजे सरासरी काढायचीच नाही. सगळ्या परीक्षकांनी दिलेल्या गुणांची बेरीज घ्या आणि तीच अंतिम माना. परीक्षकांना अर्धा गुण द्यायची मुभा हवी असेल तर द्या, पण त्याखाली नको. अर्ध्या गुणांची बेरीज नेहमी पूर्ण किंवा अर्धी येते, तिथे दशांश छाटायचा प्रश्नच येत नाही.

सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण वगळायची पद्धत तुम्ही वापरत असाल, तर ते मूळ गुणदानाच्या नियमात लिहा. वर पाहिलंत, हे वगळणं स्वतःच विजेता बदलू शकतं. बरोबरी झाल्यावर ती पद्धत ‘काढून बघण्याची’ गोष्ट नाही.

एखादा परीक्षक नातं किंवा शिकवणीमुळे एका स्पर्धकाला गुण देणार नसेल, तर त्याची गुणपत्रिका सगळ्याच स्पर्धकांच्या बेरजेतून काढावी लागते, नाहीतर बेरजा तुलनेलायक राहत नाहीत. असा परीक्षक फेरी सुरू व्हायच्या आधीच बदलून घ्या.

तपासा: तुमच्या नियमातलं पहिलं वाक्य असं वाचता येतंय का? ‘सर्व परीक्षकांच्या एकूण गुणांची बेरीज तंतोतंत सारखी असेल तरच बरोबरी मानली जाईल.’ अर्ध्या गुणाचा फरक असेल तर बरोबरी नाही. ‘फारच जवळ आहेत हो’ यासाठी कुठेही जागा ठेवू नका.

## टप्पा २: पायऱ्यांची यादी करा, आणि बऱ्याचशा खोडा

टायब्रेकर म्हणजे एक नियम नव्हे, पायऱ्यांची उतरंड. पहिल्या पायरीवर फरक निघाला की तिथेच थांबायचं, नाही निघाला तर दुसरीवर जायचं. सुचतील त्या सगळ्या पायऱ्या एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: ही पायरी स्पर्धा ज्यासाठी आहे तेच मोजते का? आधी ठरवलेला नियमसुद्धा इथे आपटतो, आणि त्याचं उदाहरण क्रिकेट बघणाऱ्यांना सांगायला नकोच. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही १५-१५. मग जास्त चौकार-षटकारांच्या नियमाने, २६ विरुद्ध १७, इंग्लंडला विजेता ठरवलं. नियम आधीपासून लिहिलेला होता, दोन्ही संघांना लागू होता, त्यामुळे कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. तरी लोकांना तो पटला नाही, कारण धावांच्या खेळात चार एकेरी धावा आणि एक चौकार यांची किंमत सारखीच असते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने विश्वचषकांच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांसाठी तो नियम बदलला: सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली तर निकाल लागेपर्यंत पुन्हा सुपर ओव्हर.

या प्रश्नावर पुढच्या पायऱ्या लगेच गळतात: आधी नोंदणी केलेला, वयाने लहान, नावाच्या अक्षरक्रमात आधीचा, कमी वेळात संपवलेला, जास्त टाळ्या मिळालेला. ‘कमी वेळ’ हा विशेष फसवा आहे. परीक्षकांनी ज्याला गुण दिलेच नाहीत अशी गोष्ट तो मागच्या दाराने आत आणतो.

दुसरा प्रश्न: या पायरीत कुणाचं मत दोनदा मोजलं जातंय का? ‘मुख्य परीक्षकांचं निर्णायक मत’ इथे अडकतं. आपल्या तक्त्यात समजा तिसरे परीक्षक मुख्य आहेत. त्यांनी १२ ला सहा गुण जास्त दिले म्हणूनच बेरीज बरोबरीत आली. बाकी चौघांनी ७ ला वर ठेवलं आहे. आता निर्णायक मतही त्यांनाच दिलं तर तोच माणूस आधी बरोबरी घडवतो आणि मग तीच सोडवतो. इतर चौघांना बोलावलं कशाला, हा प्रश्न मग कुणी विचारला तर उत्तर नसतं.

सावध: ‘आधीच्या फेरीतले गुण बघू’ ही पायरी ठेवायची असेल, तर अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते असं कुठेही लिहिलेलं नसावं. दोन्ही वाक्यं एकाच नियमावलीत सापडणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

## टप्पा ३: ज्या पायऱ्या कधीच फरक दाखवत नाहीत त्या ओळखा

काही पायऱ्या कागदावर भारदस्त दिसतात, पण गणितानेच निरुपयोगी असतात. बेरीज सारखी असताना ‘सरासरी जास्त असलेला’ म्हणणं हा त्यातला सर्वांत ढोबळ प्रकार. परीक्षक सारखेच असतील तर सरासरीही सारखीच येणार.

दुसरा प्रकार सहज लक्षात येत नाही. परीक्षक दोनच असतील तर ‘जास्त परीक्षकांनी ज्याला वर ठेवलं तो’ ही पायरी काहीच करत नाही. बेरीज सारखी आहे म्हणजे एकाने पहिल्याला जितके गुण जास्त दिले तितकेच दुसऱ्याने दुसऱ्याला दिले असणार. म्हणजे एक-एक, किंवा दोघांनीही दोघांना सारखेच. तीन परीक्षकांपासून ही पायरी कामाला लागते. चारांत दोन-दोन अडकू शकतं. पाच असतील तर उत्तम, पण तिथेही एखाद्या परीक्षकाने दोघांना सारखे गुण दिले की दोन-दोन होऊ शकतं, म्हणून तिच्या खाली आणखी पायरी हवीच.

निकष दोनच असतील तर एका निकषाची पायरी पुरे. तिथे फरक निघाला नाही तर दुसऱ्यातही निघणार नाही.

तपासा: प्रत्येक पायरीसमोर एक असं गुणांचं उदाहरण लिहा ज्यात वरच्या सगळ्या पायऱ्या बरोबरीत आहेत आणि ही पायरी फरक दाखवते. उदाहरण रचताच येत नसेल तर पायरी काढून टाका.

## टप्पा ४: क्रम ठरवा

इथे घाई करू नका. दोन पायऱ्यांचा खरा वाद असतो: परीक्षकांचं बहुमत आधी, की सर्वाधिक वजनाचा निकष आधी? आपल्या तक्त्यात पहिलीने ७ जिंकतो, दुसरीने १२.

निकषाच्या बाजूने म्हणणं असं की आशयाला ४० गुण देऊन संयोजकांनी तो सर्वांत महत्त्वाचा आहे हे आधीच सांगितलं आहे. विरुद्ध बाजूने म्हणणं असं की ते महत्त्व बेरजेत एकदा मोजून झालं. पुन्हा आशय बघितला तर त्याला नियमात लिहिलेल्यापेक्षा जास्त वजन मिळतं.

बहुमताच्या बाजूने म्हणणं असं की ते प्रत्येक परीक्षकाचा पूर्ण निवाडा घेतं, कुठला एक निकष उचलत नाही, आणि मोकळ्या हाताने गुण देणारा एखादा परीक्षक चार जणांवर भारी पडत नाही. विरुद्ध म्हणणंही खोटं नाही: चौघांपैकी तिघांना फक्त एकेका गुणाचा फरक वाटला होता, तिसऱ्याला सहाचा. त्याला खरोखर काही मोठं दिसलं असेल, तर बहुमत ते पुसून टाकतं.

मी बहुमत आधी ठेवतो. परीक्षकांची गुण देण्याची पट्टी सारखी नसते. कुणी ७८ ते ८४ च्या आत खेळतो, कुणी ६० ते ९५. तिसऱ्याचा सहा गुणांचा फरक म्हणजे ठाम मत आहे की नुसती लांब पट्टी, हे कागदावरून कळत नाही. त्याने कुणाला वर ठेवलं हे मात्र नक्की कळतं. तुमच्या परीक्षकांनी आधी एकत्र बसून नमुन्याची दोन-तीन सादरीकरणं तपासली असतील आणि पट्टी जुळवून घेतली असेल, तर माझा मुद्दा बराच लंगडा पडतो. मग निकष आधी ठेवा. दोन परीक्षक असतील तर टप्पा ३ प्रमाणे निकषच आधी येणार.

पाच परीक्षकांसाठी माझी उतरंड अशी:

१. ज्याला जास्त परीक्षकांनी एकूण गुणांत वर ठेवलं तो विजेता. दोघांना सारखे गुण देणारा परीक्षक या मोजणीत धरायचा नाही.

२. तरीही बरोबरी असेल तर आशयाच्या गुणांची बेरीज ज्याची जास्त तो विजेता.

३. तरीही बरोबरी असेल तर राखीव परीक्षकाच्या क्रमात जो वर तो विजेता.

ही उतरंड दोघांसाठी आहे. तिघे बरोबरीत आले तर बहुमताची पायरी गोल फिरू शकते: पहिला दुसऱ्याच्या वर, दुसरा तिसऱ्याच्या वर, आणि तिसरा पहिल्याच्या वर. म्हणून एक जोडवाक्य टाका: तिघे किंवा जास्त असल्यास पायरी २ पासून सुरुवात, आणि दोघेच उरले की पुन्हा पायरी १ पासून. ‘पुन्हा पहिल्यापासून’ की ‘तिथूनच पुढे’ हे न लिहिल्यामुळे वेगवेगळी माणसं वेगवेगळा विजेता काढतात.

## टप्पा ५: शेवटची पायरी अशी ठेवा की ती अडकणारच नाही

वरच्या दोन पायऱ्या जुन्याच गुणांना वेगळ्या बाजूने बघतात. तिथे काही निघालं नाही तर नवीन पुरावा लागतो. तो आणायचे तीन रस्ते आहेत.

राखीव परीक्षक हा मला सर्वांत स्वच्छ वाटतो. टोस्टमास्टर्स या वक्तृत्व शिकवणाऱ्या क्लबांच्या संघटनेच्या भाषणस्पर्धांत अशी सोय असते: बरोबरी सोडवणारा एक वेगळा परीक्षक सगळी भाषणं ऐकतो, सर्व स्पर्धकांना क्रम लावतो, आणि त्याचा कागद बरोबरी झाली तरच वापरला जातो. त्याचे गुण बेरजेत नसल्यामुळे मत दोनदा मोजलं जात नाही. क्रम लावताना कुणालाही सारखी जागा द्यायची नाही, एवढी एकच अट त्याला घाला. पण तो पहिल्या स्पर्धकापासून शेवटच्यापर्यंत खुर्चीत बसलेला हवा. मधे फोन घ्यायला बाहेर जाणारा राखीव परीक्षक हा नसल्यासारखाच. त्याने क्रम लिहून पाकीट बंद करायचं, पाकिटाच्या जोडावर सही करायची, आणि इतर गुणपत्रिका गोळा होण्याआधी ते द्यायचं.

राखीव परीक्षक मिळत नसेल तर जादा फेरी. तिची तयारी सकाळीच झालेली हवी: बंद पाकिटात एक विषय, दोन मिनिटं तयारी, दोन मिनिटं भाषण, कोण आधी ते नाणेफेकीने. विषय एकाच क्षणी दोघांना दिला तर दुसऱ्याला तयारीला जास्त वेळ मिळतो, म्हणून प्रत्येकाला त्याच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी द्या आणि पहिला बोलत असताना दुसऱ्याला सभागृहाबाहेर बसवा. परीक्षकांनी पुन्हा गुण द्यायचे नाहीत. चिठ्ठीवर एकच क्रमांक लिहायचा. गुण दिले तर पुन्हा बरोबरी होऊ शकते. विषम संख्येच्या परीक्षकांनी एकेक क्रमांक लिहिला तर होऊ शकत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे विभागून बक्षीस. यात कमीपणा काही नाही, पण तोही आधीच लिहिलेला हवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ ला उंच उडीत मुताझ बार्शिम आणि जियानमार्को ताम्बेरी दोघांनीही २.३७ मीटर ओलांडलं, २.३९ वर दोघेही तीनदा चुकले, आणि आधीच्या चुकलेल्या उड्या मोजूनही फरक निघाला नाही. जादा उडीचा पर्याय समोर होता. त्यांनी दोघांना सुवर्ण मिळेल का असं विचारलं आणि मिळालं. पंचांनी मोठं मन दाखवलं असं नव्हे, नियमात ती जागा होती.

विभागणी ठेवणार असाल तर रकमेचं लिहून टाका: पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची रक्कम एकत्र करून अर्धी-अर्धी, आणि पुढचा स्पर्धक दुसरा नव्हे तर तिसरा. चषक एकच असेल तर तो आधी कुणाकडे राहील तेही लिहा, यावरून होणारी भांडणं रकमेपेक्षा चिवट असतात. आणि पुढच्या फेरीसाठी एकच जागा असेल तर विभागणी हा पर्यायच नाही; तिथे वरच्या दोनपैकी एक ठेवावाच लागेल.

चिठ्ठी किंवा नाणेफेक मी अगदी तळाला ठेवतो, तीही जागा एकच असेल आणि राखीव परीक्षक, जादा फेरी दोन्ही शक्य नसतील तेव्हाच. ती पक्षपाती नसते. फक्त भाषणाबद्दल काही सांगत नाही.

## टप्पा ६: खोट्या गुणांवर चालवून बघा

नियम लिहिणाऱ्याने नव्हे, तिसऱ्याच माणसाने तो फक्त वाचून लावून बघायचा. त्याला चार तक्ते द्या: वरच्यासारखा एक, बहुमत दोन-दोन अडकलेला एक, आशयही सारखा असलेला एक, आणि तिघे बरोबरीत असलेला एक. त्याला एकदाही ‘म्हणजे काय?’ असं विचारावं लागलं तर वाक्य बदला. गेल्या वर्षीच्या खऱ्या गुणांवर तपासणार असाल तर नावं झाका. नाहीतर ‘या नियमाने गेल्या वर्षी ती जिंकली असती’ अशी चर्चा सुरू होते आणि नियम माणसाकडे बघून घडायला लागतो.

गुण स्प्रेडशीटमध्ये घेणार असाल तर बहुमताचं सूत्रही आधीच टाकून ठेवा. स्पर्धक ७ चे एकूण गुण B2 ते B6 आणि १२ चे C2 ते C6 मध्ये असतील तर:

```
=SUMPRODUCT(--(B2:B6>C2:C6))
=SUMPRODUCT(--(C2:C6>B2:B6))
```

आपल्या तक्त्यावर पहिलं ४ देईल आणि दुसरं १. दोन्ही सूत्रं लिहा, ‘पाचातून वजा’ करू नका. सारखे गुण देणारा परीक्षक मग गुपचूप दुसऱ्याच्या खात्यात जातो.

सावध: रकाना दशांश लपवून दाखवत असेल तर ८२.५ चे ८३ दिसतात. बरोबरी दिसली की आधी कागदी गुणपत्रिकांवरून बेरीज हाताने पुन्हा करा. माझ्या अनुभवात बऱ्याच ‘बरोबऱ्या’ या दुसऱ्या मोजणीतच विरतात.

## टप्पा ७: नियम गोठवा

‘गुण उघडण्याआधी’ म्हणजे नेमकं कधी? बेरीज करण्याआधी, असं बरेच जण समजतात. ते उशिरा आहे. पहिला स्पर्धक बोलून गेला की संयोजकांच्या मनात अंदाज बांधलेले असतात, आणि शेवटचा बोलून गेल्यावर तर कोण दोघे अडणार हेही कळलेलं असतं. म्हणून नियम अंतिम फेरीतल्या पहिल्या सादरीकरणाआधी बंद व्हायला हवा. अंतिम फेरीत कोण आलं हे कळण्याआधी झाला तर आणखी चांगलं.

एका पानावर उतरंड छापा. खाली तारीख, वेळ, आणि दोन सह्या: संयोजकांपैकी एक आणि परीक्षकांपैकी एक. प्रती स्पर्धकांना द्या आणि सुरुवातीला मोठ्याने वाचा, एक मिनिट लागतं. फाईलमध्ये ठेवून दिलेला नियम बरोबरीनंतर बाहेर काढला तर तो आत्ताच लिहिलाय असंच लोकांना वाटणार, आणि तुमच्याकडे ते खोडून काढायला काही नसेल.

परीक्षकांनाही उतरंड सांगा, पण ‘शक्यतो दोघांना सारखे गुण देऊ नका’ असं म्हणू नका. बरोबरी टाळण्यासाठी त्यांनी ओढूनताणून अर्धा गुण इकडे-तिकडे केला तर तुमचा निकाल त्या अर्ध्या गुणावर उभा राहतो.

## टप्पा ८: प्रत्यक्ष बरोबरी आली तेव्हा

क्रम असा. गुणपत्रिका गोळा झाल्यावर परीक्षकांना बेरीज करणाऱ्या टेबलापासून लांब बसवा. दोन माणसांनी स्वतंत्रपणे बेरीज करायची. दोघांचे आकडे जुळले आणि बरोबरी कायम राहिली, तर छापलेलं पान समोर ठेवून पायरी १ मोठ्याने वाचा, लावा, उत्तर लिहा. फरक निघाला की थांबा. ‘बघू तरी दुसऱ्या पायरीवर काय येतं’ हा मोह आवरा. ती उलटी निघाली तर टेबलावरची कुजबुज सभागृहात पोचायला वेळ लागत नाही. राखीव परीक्षकाचं पाकीट लागलं नाही तर ते न उघडताच ठेवून द्या.

परीक्षकांना बरोबरी झाल्याचं सांगून ‘एकदा गुण बघता का?’ असं विचारू नका. दिलेल्या गुणपत्रिकेत खाडाखोड करायची परवानगी फक्त बेरजेच्या चुकीसाठी, तीही परीक्षकाच्या सहीने.

जाहीर करताना पायरी सांगा: ‘दोघांचेही ४१३ गुण. नियमातल्या पहिल्या पायरीनुसार, चार विरुद्ध एक परीक्षकांच्या पसंतीने, स्पर्धक ७ विजेता.’ एवढंच. ‘थोडक्यात हुकलं’ वगैरे जोडू नका, कारण गुणांत कुणाचंच काही हुकलेलं नाही.

## नियम करायचा राहून गेला असेल तर

हे होतंच. १९६९ च्या युरोव्हिजन गायन स्पर्धेत चार देश १८-१८ गुणांवर अडले, बरोबरीसाठी नियमच नव्हता, आणि चौघांनाही विजेते जाहीर करावं लागलं. पुढे नियम आला. १९९१ ला स्वीडन आणि फ्रान्स १४६ गुणांवर अडले, एका देशाकडून मिळणारे सर्वाधिक १२ गुणही दोघांना चार-चार वेळा मिळाले होते, आणि त्याखालचे १० गुण पाच वेळा मिळाले म्हणून स्वीडन जिंकलं. फ्रान्सला ते दोनदाच मिळाले होते.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी दिलेल्या गुणांना हात लावू नका. त्यांतून काढलेला कुठलाही नियम आता विजेता बघूनच काढलेला असेल. दोनच रस्ते उरतात: संयुक्त विजेते, किंवा दोन्ही स्पर्धकांनी अटी मान्य केल्यावर, वर सांगितलेल्या पद्धतीने जादा फेरी. अटी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, मगच विषयाचं पाकीट उघडा. दोघांपैकी एकजण जरी नाही म्हणाला तर संयुक्त. आणि जागा एकच असेल, जादा फेरीला वेळ किंवा परीक्षक नसतील, तर दोघांच्या देखत नाणेफेक करा. ‘आशय बघू’ म्हणणाऱ्यांना त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका.